बरं झाल्यानंतरचा दम

मराठीत 'दम' हा शब्द किती कामं करतो बघा. आपण दम खातो, दम धरतो, मुलांना दम देतो (मी तर नोकरीभर तेच केलं!), आणि जिना चढून आलो की आपल्याला दम लागतो. पण या दमाला शेवटी नुसता एक काना जोडला की त्याचा 'दमा' होतो, आणि दमा हा एक वेगळा, ठरावीक आजार आहे. पेशंट सांगतो 'दम लागतो', समोरच्याला ऐकू येतं 'दमा आहे'. आमच्या घरात या एका कान्यापायी दीड वर्षं गेलं, म्हणून आज हे लिहायला बसले आहे. विषय तसा रुक्ष आहे मंडळी, पण आपल्या नात्यागोत्यात टीबी होऊन बरं झालेलं माणूस नाही असं घर सापडणं कठीण. तेव्हा जरा दम धरून वाचा.

माझे धाकटे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, एसटीत कंडक्टर होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांना खोकला लागला. सुरुवातीला आलं-मध, मग खोकल्याची औषधं, मग दुसरी औषधं, असे तीन महिने गेले. जुलैत थुंकीत टीबीचे जंतू सापडले. मग सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांचं औषध सुरू झालं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. एकही दिवस गोळी चुकली नाही, कारण आमची धाकटी जाऊ पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची. जानेवारी २०२३ मध्ये शेवटची थुंकी तपासली, जंतू नाहीत. कार्डावर शिक्का बसला, 'बरा झाला'. आम्ही पेढे वाटले.

हा शिक्का खोटा नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते. पण त्याचा अर्थ नेमका काय, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला थुंकीत जंतू होते, औषधाच्या शेवटी नाहीत आणि त्याआधीच्या तपासणीतही नव्हते, एवढंच त्या 'बरा' शब्दाचं मोजमाप आहे. ते मोजमाप जंतूंचं आहे. फुप्फुसाचं काय झालं हे त्यात कुठेच येत नाही.

नंतर एका छातीच्या डॉक्टरांनी मला ते फार छान समजावून सांगितलं. टीबीचा जंतू फुप्फुसात शिरला की शरीर त्याच्याशी लढतं, आणि त्या लढाईत फुप्फुसाचा तेवढा भाग विरघळून जातो. तिथे पोकळी तयार होते. आजूबाजूचं मांस बरं होताना व्रण धरतं, आपल्या गुडघ्यावर जुन्या जखमेचा असतो तसाच, आणि व्रण आकसतो. आकसताना तो शेजारच्या श्वासनलिकांना ओढतो. काही नळ्या त्यामुळे चिंबतात, काही उलट ताणून फुगीर होतात आणि त्यात कफ साठून राहतो. औषध जंतू मारतं. विरघळलेला भाग पुन्हा उगवत नाही. आणि औषध सुरू व्हायला जितका उशीर, तितकी मोडतोड जास्त. भाऊजींच्या एप्रिल ते जुलै या तीन महिन्यांचा हिशोब असा फुप्फुसात लिहिलेला होता.

बरं झाल्यावर वजन भरलं, ताप गेला, भूक आली. दम मात्र राहिला. भाऊजी २०२३ मध्ये निवृत्त झाले. सातारा हे चढउताराचं गाव. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चालत यायचं म्हणजे सगळा चढ. हे अंतर ते पूर्वी गप्पा मारत यायचे, आता मध्ये तीनदा थांबायला लागले. थांबलेलं कुणाला कळू नये म्हणून दुकानाच्या पाट्या वाचत उभे राहायचे. सहा महिन्यांनी, वर्षाने दवाखान्यातून फोन आला होता. टीबीच्या कार्यक्रमात औषध संपल्यावर सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी चौकशी करायची पद्धत आहे, आणि ती चांगलीच आहे, कारण ज्यांना पुन्हा टीबी होतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तो पहिल्या दोन वर्षांतच होतो. फोनवर विचारलं, ताप येतो का, खोकला वाढलाय का, वजन उतरतंय का. भाऊजींनी तिन्हीला खरं उत्तर दिलं, 'नाही.' दम लागतो का हे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायचा त्यांचा स्वभाव नाही.

दरम्यान एका डॉक्टरांनी 'दमा' म्हणून तोंडाने ओढायचा पंप दिला, स्टिरॉइडचा. त्याने थोडं बरं वाटायचं, थोडं नाही. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये पावसाळी सर्दी छातीत उतरली आणि दुसऱ्या एका डॉक्टरांकडे एक्स-रे निघाला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग. थुंकी सीबीनॅट मशीनवर गेली. रिपोर्ट आला, टीबीचे जंतू 'सापडले, अगदी कमी'. डॉक्टर म्हणाले, टीबी उलटला, उद्यापासून औषध सुरू करू.

त्या संध्याकाळी भाऊजींनी नातवाला जवळ घेणं आपणहून बंद केलं. स्वतःचा पेला वेगळा धुऊन खिडकीत ठेवायला लागले. तीन वर्षांचं पोर दाराशी उभं राहून 'आबा, आबा' करायचं आणि हे पाठ फिरवून झोपायचे. जाऊ मला फोनवर म्हणाली, "वहिनी, आजारापेक्षा हेच बघवत नाही हो."

मी त्यांना घेऊन छातीच्या एका डॉक्टरांकडे गेले. बरोबर जुनी फाईल होती, आणि त्या फाईलमध्ये एक गोष्ट होती जिच्यामुळे पुढचं सगळं बदललं. जानेवारी २०२३ चा, औषध संपतानाचा एक्स-रे. जाऊने तो गादीखाली सरळ ठेवला होता, फेकला नव्हता.

डॉक्टरांनी दोन्ही एक्स-रे उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावले आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत शिकवायचात ना? सांगा बघू, यात फरक काय?" मला काही फरक दिसेना. ते म्हणाले, "मलाही दिसत नाही. वीस महिन्यांपूर्वी जो डाग होता तोच आहे, तेवढाच आहे. हा व्रण आहे. तो मरेपर्यंत असणार." एकटा नवा एक्स-रे बघितला असता तर जुना व्रण आणि नवा आजार यांत फरक करणं त्यांनाही अवघड गेलं असतं. शेजारी जुना असला की निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

"पण मग मशीन?" मी विचारलं. मशीन खोटं बोलतं का?

मशीन खोटं बोलत नाही, पण ते जंतू जिवंत आहे की मेलेला हे ओळखत नाही. सीबीनॅट जंतूचा डीएनए शोधतं. मेलेल्या जंतूंचे तुकडे फुप्फुसाच्या व्रणात, पोकळीत अडकून राहतात आणि कधी कधी महिन्या-वर्षांनीसुद्धा कफाबरोबर बाहेर येतात. पहिल्यांदाच तपासल्या जाणाऱ्या माणसात 'अगदी कमी सापडले' याचा अर्थ एक, आणि टीबी होऊन गेलेल्या माणसात वेगळा. जिवंत आहे का हे ठरवायला थुंकी कल्चरला टाकावी लागते, म्हणजे जंतूला खाऊपिऊ घालून तो वाढतो का ते बघायचं. जिवंत असला तर वाढेल. त्याला वेळ लागतो. नळीतल्या पातळ कल्चरमध्ये कुठे ४२ दिवस वाट बघून मग 'नाही' म्हणतात.

आता प्रश्न असा, की हे ४२ दिवस औषधाविना काढायचे का? डॉक्टरांनी हा निर्णय नुसत्या अंदाजाने घेतला नाही. ताप नव्हता. वजन वर्षभर ५४ किलोवरच होतं. एक्स-रे बदललेला नव्हता. थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसत नव्हते. सर्दीचा खोकला साध्या औषधाने उतरला होता. यातली एक जरी गोष्ट उलटी असती, वजन उतरत असतं किंवा नवा डाग असता, तर मी थांबलो नसतो, असं ते स्पष्ट म्हणाले. म्हणून हे वाचून कुणी आपल्या मनाने औषध टाळू नका. आणि 'उगीच शंका नको, घेऊन टाकू सहा महिने' हेही तितकंच चूक. ही औषधं यकृताला जड पडू शकतात, त्यातलं एक डोळ्यांनाही. शिवाय दम ज्या कारणाने लागतोय ते कारण तसंच राहतं. सहा महिन्यांनी माणूस दुसऱ्यांदा 'बरा' होतो आणि पुन्हा पाट्या वाचत उभा राहतो.

कल्चर टाकलं. त्याची वाट बघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, दमाला नंबर दिला. मला हे फार आवडलं, शेवटी मी मार्क देणारी बाई! शून्य ते चार अशी पट्टी आहे. फक्त जोराच्या कष्टाने दम लागला तर शून्य. सपाटीवर घाईने किंवा हलक्या चढावर लागला तर एक. सपाटीवर बरोबरीच्या माणसापेक्षा हळू चालावं लागतं किंवा आपल्या चालीनेही थांबावं लागतं, तर दोन. शंभर मीटर चालून किंवा काही मिनिटांतच थांबावं लागतं, तर तीन. कपडे घालतानाही लागतो, घराबाहेर पडवत नाही, तर चार. भाऊजी म्हणाले, "दोन असेल." जाऊ म्हणाली, "तीन." डॉक्टरांनी तीन लिहिलं.

दुसरी गोष्ट, सहा मिनिटांची चाल. लांबलचक पडवीत ३० मीटरवर दोन खुणा. सहा मिनिटं आपल्या ताकदीने या खुणेवरून त्या खुणेवर चालायचं, धावायचं नाही, दमलं तर थांबायचं. बोटाला ऑक्सिमीटर, आपण करोनात घेतला तोच. भाऊजींच्या अकरा फेऱ्या झाल्या, म्हणजे ३३० मीटर. बसलेले असताना ऑक्सिजन ९५ होता, चालून आल्यावर ८९. आम्ही घरी ऑक्सिमीटर लावायचो तो खुर्चीत बसवून, आणि ९५ बघून 'ठीक आहे' म्हणायचो. फुप्फुसाची उणीव बसल्या जागी लपते, चालताना बाहेर येते, हे तेव्हा कळलं.

सातव्या आठवड्यात कल्चरचा रिपोर्ट आला. वाढ नाही. भाऊजींनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि घरी गेल्यावर काही न बोलता नातवाला उचलून घेतलं. उचलल्यावर दम लागला, तो भाग वेगळा!

मग फुंकण्याची तपासणी झाली, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. ती आधी केली नाही त्याला कारण होतं. त्यात खच्चून फुंकावं लागतं, आणि जंतू जिवंत असतील तर ते खोलीभर उडतील. म्हणून थुंकीची खात्री झाल्यावरच ही तपासणी. भाऊजींनी छाती भरून श्वास घेऊन सगळाच्या सगळा सोडला, तो भरला २.१० लिटर. त्यांच्या वयाच्या, उंचीच्या माणसाचा साधारण ३.३ तरी भरायला हवा. त्यातला पहिल्या सेकंदात बाहेर आला १.२६ लिटर. आता १.२६ भागिले २.१०, उत्तर ०.६०. पहिल्याच सेकंदात निदान ७० टक्के हवा बाहेर पडायला हवी, इथे ६० टक्केच पडली. म्हणजे दोन्ही प्रकारचं नुकसान. पिशवी लहान झाली आहे, आणि पिशवीची नळीही चिंबली आहे.

पण नळी तर दम्यातही चिंबते. मग हा दमा नाही कशावरून? त्यासाठी श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध पंपाने दिलं, पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. दम्याच्या पेशंटची नळी औषधाने बऱ्यापैकी उघडते. पहिल्या सेकंदाची हवा १२ टक्क्यांहून जास्त आणि २०० मिलिलिटरहून जास्त वाढली तर ते दम्याकडे बोट दाखवतं. भाऊजींची १.२६ ची १.३६ झाली, म्हणजे फक्त १०० मिलिलिटर. ही नळी आवळलेली नव्हती, व्रणाने ओढली गेली होती, आणि व्रणाला पंप कितीसा सोडवणार? डॉक्टरांनी स्टिरॉइडचा पंप बंद केला, कारण दम्याची लक्षणं नसताना त्याचा फायदा थोडा आणि न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो. नळ्या मोकळ्या ठेवणारा साधा पंप तेवढा ठेवला. त्या १०० मिलिलिटरचाही उपयोग होतोच. आणि कुणीही ऐकीव माहितीवर आपला स्टिरॉइडचा पंप बंद करू नये, खऱ्या दम्यात तोच मुख्य आधार असतो.

सीटी स्कॅनमध्ये एक जुनी पोकळी आणि काही फुगलेल्या नळ्या दिसल्या. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. अशा रिकाम्या पोकळीत कधी कधी बुरशी घर करते, तिचा गोळाच होतो. मग थुंकीतून रक्त पडतं, आणि रक्त पडलं की सगळ्यांना पुन्हा टीबीच वाटतो. बुरशीची रक्ततपासणी वेगळी असते, भाऊजींची केली, ती ठीक निघाली. पण आम्हाला बजावून ठेवलंय, थुंकीत रक्ताची रेघ दिसली तर दुसऱ्या दिवशी दाखवायचं. चमचाभराच्या वर पडलं तर वाट बघायची नाही, रात्र असो वा दिवस, सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं.

आता उपाय. माझी समजूत होती की याला काही गोळी असेल. गोळी नाही. होती ती कवायत! आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्टकडे. सकाळी आधी कफ काढायचा. शांत श्वास, मग तीन-चार खोल श्वास घेऊन थोडं रोखायचं, मग आरशावर वाफ धरताना करतो तसं तोंड उघडून 'हाः' करून हवा सोडायची. जोरजोरात खोकण्यापेक्षा याने कफ सोपा वर येतो. मग चालणं. सहा मिनिटांत ३३० मीटर म्हणजे मिनिटाला ५५ मीटर, त्याच्या ऐंशी टक्के म्हणजे ४४ मीटरच्या चालीने आधी दहा मिनिटं, वाढवत अर्धा तास. ऑक्सिमीटर ८८ च्या खाली गेला की थांबायचं. पायांना वाळूच्या पिशव्या बांधून खुर्चीतून उठबस. आणि चढ चढताना ओठ आवळून हळू श्वास सोडायचा, बशीतला गरम चहा फुंकतो तसा. चिंबलेल्या नळ्या त्या दाबाने लगेच मिटत नाहीत, हवा पुरती बाहेर जाते आणि पुढच्या श्वासाला जागा होते.

आठ आठवड्यांनी पुन्हा सगळं मोजलं. फुंकण्याचा आकडा होता तिथेच, १.२८. मी जरा खट्टू झाले. पण चाल ३३० वरून ३७५ मीटर झाली होती, आणि दमाचा नंबर तीनावरून दोनावर. फुप्फुस तेच, मग चाल वाढली कशी? डॉक्टर म्हणाले, दम लागतो म्हणून माणूस चालणं सोडतो. चालणं सोडलं की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झिजतात. झिजलेल्या स्नायूंना तेच काम करायला जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणून दम आणखी लवकर लागतो. फुप्फुस आपल्याला दुरुस्त करता येत नाही, पाय करता येतात. एकूण दमातला जो वाटा पायांचा होता, तो परत मिळाला. उरलेला मिळणार नाही. भाऊजी आता पोवई नाक्यावरून येताना एकदाच थांबतात, आणि थांबतात ते उघडपणे, कमरेवर हात ठेवून. व्यायाम सोडला की हा फायदा हळूहळू जातो, म्हणून तो घरी चालू आहे. जाऊ पाण्याचा पेला घेऊन आताही समोर उभी असते.

आता त्यांचा पाठपुरावा असा चालतो. दर सहा महिन्यांनी वजन, ऑक्सिमीटर, सहा मिनिटांची चाल. वर्षातून एकदा फुंकणी. दरवर्षी फ्लूची लस, न्यूमोनियाचीही दिली. एक्स-रे दर वेळी नाही, काही बदललं तरच, आणि तो जुन्याच्या शेजारी लावूनच बघायचा. वजन उतरलं, रोजचा ताप आला, कफ वाढला किंवा रंग बदलला, तर तारखेची वाट न बघता जायचं, कारण एकदा टीबी होऊन गेलेल्याला पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, ही गोष्ट काही खोटी नाही. २०२५ च्या पावसाळ्यात एकदा कफ वाढला, दोन दिवसांत जाऊन आले, साधा संसर्ग होता, उतरला. त्या वेळी कुणीही टीबीचं नाव काढलं नाही, कारण तुलना करायला सगळे आकडे फाईलमध्ये होते.

या आजाराला डॉक्टर मंडळी आता 'टीबीनंतरचा फुप्फुसाचा आजार' असं स्वतंत्र नाव देतात. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत स्टेलेनबॉशला या एकाच विषयावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि २०२१ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून नियम लिहिले. त्यातला पहिलाच नियम असा, की टीबीचं औषध संपताना प्रत्येक पेशंटचं फुप्फुस तपासावं, म्हणजे लक्षणं विचारावीत, एक्स-रे काढावा, फुंकून बघावं, चालवून बघावं. माझ्या शिक्षकी डोक्याला हे चटकन पटलं. आपण टीबीची वार्षिक परीक्षा एकाच विषयात घेतो, जंतूंच्या. त्यात पैकीच्या पैकी पडले की मुलगा वरच्या वर्गात! दुसऱ्या विषयाचा पेपर काढतच नाही.

फुंकण्याचं यंत्र सगळीकडे नसतं, हे मलाही कळतं. तालुक्याच्या ठिकाणी ते मिळेलच असं नाही. पण त्याविना जे होतं तेही थोडं नाही. औषध संपेल त्या आठवड्यात एक एक्स-रे काढून घ्या आणि तो कोरडा, सरळ, तारीख घालून जपा. शून्य ते चार मधला दमाचा नंबर घरच्या माणसाला विचारून लिहा, पेशंट स्वतःचा एक नंबर कमीच सांगतो. अंगणात ३० मीटर मोजून सहा मिनिटं चालवा, फेऱ्या आणि चालल्यानंतरचा ऑक्सिजन लिहा. मात्र छातीत दुखत असेल किंवा बसल्या जागीच ऑक्सिजन ९० च्या खाली असेल तर हा प्रयोग घरी नको. आणि डॉक्टरांपुढे 'दम लागतो' म्हणाल तेव्हा त्याच्या आधी एक वाक्य जोडा, 'मला अमुक साली टीबी होऊन गेलाय.' त्या वाक्याने शेवटचा काना पडायचा वाचेल.

घरात विडी-सिगारेट असेल तर ती बाहेर, चुलीचा धूर असेल तर पेशंटने त्यापासून लांब. व्रण असलेल्या फुप्फुसाकडे शिल्लक कमी असते, त्यातून उचल परवडत नाही.

नात्यातल्या सगळ्यांना एक सांगायचंय. कल्चरमध्ये वाढ नाही, म्हणजे भाऊजींपासून कुणाला काहीही लागण होत नाही. त्यांचा खोकला हा व्रणाचा खोकला आहे. मेमध्ये साखरपुड्याला ते येणार आहेत. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे असं ऐकलं, तेव्हा जिन्याच्या मधल्या वळणावर एक खुर्ची ठेवा म्हणजे झालं. आणि त्यांचा चहा सगळ्यांच्या कपबश्यांतूनच द्या.

असो. बराच लांबला लेख. आता उठते, दिवेलागणीची वेळ झाली.